सोमवारच्या बोन स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर दिसतंय: दोष जनरेटरचा की व्हायलमध्ये गेलेल्या हवेचा?

लक्षण असं आहे. मंगळवार ते शुक्रवार बोन स्कॅन स्वच्छ येतात. सोमवारी मात्र, विशेषतः उशिरा इंजेक्शन दिलेल्या रुग्णांमध्ये, मानेत थायरॉइड उजळतो, जबड्याजवळ लाळग्रंथी दिसतात आणि डाव्या बरगड्यांखाली जठराचा ढग येतो. त्या ढगाआडच्या बरगडीत एखादी मेटास्टॅसिस असली तर ती हातून निसटू शकते. चंदगड किंवा खानापूरहून पहाटे निघालेल्या माणसाला "पुन्हा या" सांगणंही सोपं नसतं. बेळगावात आणि आसपास काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की एकदा नीट उलगडून लिहावंसं वाटलं.

बहुतेक ठिकाणी निदान लगेच ठरतं: "शनिवार-रविवार मॉली तशीच पडून होती, पहिलं एल्यूशन खराब येणारच." मॉली म्हणजे टेक्नेशियम देणारा मॉलिब्डेनमचा जनरेटर, आणि एल्यूशन म्हणजे त्याच्या कॉलममधून सलाइनने टेक्नेशियम धुऊन काढणं. हे निदान अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यामुळे खरं कारण महिनोन्महिने तसंच राहतं.

आधी चित्र काय सांगतंय ते बघा

थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर ही तिन्ही एकत्र दिसली तर अंगात मोकळं परटेक्नेटेट गेलंय, म्हणजे टेक्नेशियम एमडीपीला, हाडांत जाऊन बसणाऱ्या औषधाला, बांधलंच गेलेलं नाही किंवा बांधलेलं पुन्हा सुटलंय. थायरॉइड स्वच्छ आहे, पण जठरासोबत फुप्फुसं उजळली आहेत, तर किटला दोष देऊ नका. रक्तात कॅल्शियम फार वाढलं की तसं चित्र येतं, तेव्हा पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. सगळं यकृत एकसारखं उजळलं असेल तर बहुधा व्हायलमध्ये कोलॉइड झालंय. ती तक्रार वेगळी, तिचा उपायही वेगळा. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

जनरेटरच्या आत सुट्टीत काय घडतं

मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास आणि त्यातून होणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचं ६ तास. हीच जोडी आपल्याला परवडते, कारण मुंबईकडून गाडीने दहा तास लागले तर तयार टेक्नेशियम वाटेतच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं, पण मॉलिब्डेनम ९० टक्के शिल्लक असतं. शिवाय ६ तासांत एमडीपी हाडांत बसेपर्यंत थांबून स्कॅन करता येतो आणि रात्रीपर्यंत रुग्णाच्या अंगातली मात्राही बरीच उतरते. मुलीचं अर्धायुष्य आईच्या अकराव्या हिश्श्याएवढं असल्यामुळे कॉलम रिकामा केला की साधारण २३ तासांत टेक्नेशियम पुन्हा शिखराला पोहोचतं. रोज सकाळी ठरल्या वेळी एल्यूशन करायची पद्धत त्यातूनच आली.

शिखरानंतर ९९एमची मात्रा वाढत नाही, मॉलिब्डेनमच्या मागोमाग उतरत जाते. कॉलमवर मात्र साठत राहतं ते टेक्नेशियम-९९. प्रत्येक ९९एम अणू गॅमा किरण सोडून शेवटी टेक्नेशियम-९९ होतो, आणि मॉलिब्डेनमचे सुमारे १२ टक्के अणू तर ९९एमला वगळून थेट तिथेच पोहोचतात. त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त आहे, त्यामुळे तो कुठे जात नाही. रसायनाच्या दृष्टीने ९९ आणि ९९एम हुबेहूब एकच आहेत. टेक्नेशियम एमडीपीला बांधलं जावं म्हणून किटमध्ये कथील घातलेलं असतं, आणि ते दोघांवर सारखंच खर्ची पडतं.

एल्यूशननंतर २४ तासांनी पुन्हा एल्यूशन केलं तर निघणाऱ्या एकूण टेक्नेशियम अणूंपैकी सुमारे २८ टक्के ९९एम असतात. ४८ तासांनी हे प्रमाण १३ टक्क्यांवर येतं, ७२ तासांनी ८ टक्क्यांच्या आत आणि ९६ तासांनी जेमतेम ५ टक्के उरतं. आपल्याकडे गणेश विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, किंवा १ नोव्हेंबर शनिवार-रविवारला जोडून येतो, तेव्हा हा चार दिवसांचा खंड सहज पडतो. डोस कॅलिब्रेटरला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याला फक्त ९९एमचे किरण दिसतात. १५० मिलिक्युरीचं एल्यूएट मंगळवारचं असो की सोमवारचं, आकडा तोच.

पण एमडीपीला त्याने खरंच फरक पडतो का?

"पहिलं एल्यूशन खराब" म्हणणारे इथे हिशेब करत नाहीत. करून बघू.

७२ तासांच्या खंडानंतरच्या एल्यूएटमधून १५० मिलिक्युरी किटमध्ये घातले. त्यात ९९ आणि ९९एम मिळून साधारण ३.७ नॅनोमोल टेक्नेशियम आहे. एमडीपीच्या किटमध्ये अर्धा मिलिग्रॅम स्टॅनस क्लोराइड धरलं (उत्पादकानुसार कमी-जास्त असतं, किटसोबतचा कागद वाचा), तर ते सुमारे २.६ मायक्रोमोल होतं, म्हणजे टेक्नेशियमच्या ७०० पट. सुट्टीत साठलेला टेक्नेशियम-९९ या साठ्याला जेमतेम ओरखडा काढतो.

आता हवेचा हिशेब. एक मिलिलिटर हवेत सुमारे ८.७ मायक्रोमोल ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू कथिलाचे दोन अणू निकामी करू शकतो. त्यामुळे सुईतून व्हायलमध्ये गेलेली एक मिलिलिटर हवा त्या व्हायलमधलं सगळं कथील सहा वेळा संपवू शकेल एवढी आहे. हे लगेच घडत नाही. ऑक्सिजन वायूतून द्रवात उतरायला वेळ लागतो, म्हणून किट बनवल्याबरोबर केलेली तपासणी चांगली येते आणि तीन तासांनी तीच व्हायल बिघडलेली असते. उशिराच्या रुग्णांच्या स्कॅनमध्येच थायरॉइड का दिसतो, त्याचं उत्तर इथे आहे.

एका सोमवारची उलटतपासणी

एका विभागातल्या सहकाऱ्यांनी ही तक्रार सांगितली तेव्हा त्यांच्या टेक्निशियन ताईंचं ठाम मत होतं, "सर, मॉलीच खराब आलीय, कंपनीला कळवा." शनिवारी तिथे रुग्ण घेत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी सकाळी आठनंतर थेट सोमवारी सकाळी आठला एल्यूशन. सोमवारी पाच बोन स्कॅन. सव्वाआठला एकच व्हायल १५० मिलिक्युरी घालून बनवायची आणि तिच्यातूनच सगळ्यांना वीस-वीस मिलिक्युरी द्यायचे. पहिला रुग्ण शहरातला, पावणेनऊला हजर. शेवटच्या चंदगडच्या मावशी साडेअकराला आल्या, "बस लई उशिरा आली बगा" म्हणत. मंगळवारी दोनच रुग्ण, आणि दोघांची इंजेक्शनं साडेनऊच्या आत.

मोकळं परटेक्नेटेट मोजणारी पट्टीची तपासणी ते फक्त किट बनवल्यावर करत होते. तीच व्हायल साडेअकराला पुन्हा तपासायला सांगितलं. सकाळी ८:३५ ला मोकळं परटेक्नेटेट २ टक्के होतं, साडेअकराला १३ टक्के. दोष बनवताना नव्हता, उभं राहताना येत होता.

मग ताईंच्या हाताकडे पाहिलं. व्हायलवर शिशाचं आवरण असल्यामुळे आतलं दिसत नाही, आणि डोस ओढताना दट्ट्या मागे खेचला जातो. दाब सुटावा म्हणून त्या आधी सिरिंजमध्ये डोसइतकी हवा घेऊन ती व्हायलमध्ये सोडत होत्या. औषधाच्या साध्या बाटलीतून इंजेक्शन भरताना सगळे हेच करतात, आणि शिकवतातही. प्रत्येक डोसला एक ते दीड मिलिलिटर हवा, पाच डोस. कथिलाचा साठा किती वेळा संपला असता ते वरच्या हिशेबातून दिसतंच.

तरीही शंका उरते: सोमवारचं एल्यूएट आणि हवा, दोन्ही एकाच दिवशी येतात, मग दोषी कोण हे कसं ठरवायचं? त्यासाठी रुग्णाला न देता दोन जादा व्हायली बनवून दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. सोमवारच्या, ७२ तासांच्या खंडानंतरच्या एल्यूएटची एक व्हायल अजिबात हवा न घालता हाताळली. मंगळवारच्या, २४ तासांच्या ताज्या एल्यूएटची दुसरी व्हायल नेहमीसारखी हवा सोडत पाच वेळा टोचली. सोमवारची सव्वातीन तासांनंतरही ३ टक्क्यांवर राहिली. मंगळवारची, जिच्या एल्यूएटवर कुणाला संशय नव्हता, दोन आकडी टक्क्यांवर गेली. कंपनीला फोन करायची गरज राहिली नाही. हा प्रयोग कुणालाही आपल्या विभागात एका आठवड्यात करता येईल, आणि तो केल्याशिवाय जनरेटरवर ठपका ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय सुईच्या टोकाशीच होता. एल्यूएट किटमध्ये घालताना जेवढा द्रव आत गेला तेवढाच वायू त्याच सिरिंजने बाहेर काढून घ्यायचा. किटच्या व्हायलमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे बाहेर येतो तो नायट्रोजन आणि आत हवा शिरत नाही. डोस काढताना हवा मुळीच सोडायची नाही. दट्ट्या जड लागला तरी हळू ओढायचा. मोजल्यावर डोस जास्त भरला तर जादा द्रव बुडबुड्यासकट व्हायलमध्ये परत ढकलायचा नाही. आणि सोमवारसाठी एका मोठ्या व्हायलऐवजी दोन लहान: एक सव्वाआठला, दुसरी लांबून येणाऱ्यांसाठी साडेदहाला. दुसऱ्या किटचा खर्च होतो, पण पुन्हा करावा लागणारा एक स्कॅन त्याहून कितीतरी महाग पडतो, रुग्णाला तर नक्कीच.

द्रवाची एक बाब याला जोडून. काही जण एल्यूएट कमी पडलं की व्हायल सलाइनने भरून वाढवतात. उघड्यावरच्या सलाइनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. पाच मिलिलिटर जादा सलाइनमधला ऑक्सिजन कागदावर तरी अर्धा मिलिग्रॅम स्टॅनस क्लोराइड जवळजवळ संपवू शकेल इतका आहे. पातळ करायचं तर किटच्या कागदावरच्या मर्यादेत, आणि नुकतंच उघडलेलं सलाइन वापरून.

पट्टी करताना होणारी चूक

तपासणीच चुकली तर वरचं काहीच कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर. पट्टीच्या तळापासून दीड सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा, तिच्यावर बारीक सुईने एक छोटा थेंब ठेवा आणि लगेच ॲसिटोनच्या बाटलीत उभी करा. मोकळं परटेक्नेटेट ॲसिटोनबरोबर वर चढतं, एमडीपी रेघेवरच राहतं. थेंब वाळायची वाट पाहत बसलात तर उघड्या हवेत तो तिथेच ऑक्सिडाइझ होतो आणि चांगली व्हायलही खराब दिसते. थेंब फार गरम असेल, म्हणजे त्यात जास्त क्रियाशीलता असेल, तर मोजणी यंत्र गुदमरतं आणि खालच्या तुकड्याची गणना कमी येते. अशा वेळीही मोकळ्याचं प्रमाण फुगलेलं दिसतं. यंत्राच्या पेलण्याएवढाच थेंब घ्या, किंवा तुकडे दूर धरून मोजा.

दुसरी पट्टी सलाइनमध्ये करतात. तिच्यात कोलॉइड रेघेवर राहतं आणि बाकीचं वर जातं. यकृत उजळलं होतं तर तीही करा. आपल्या तक्रारीसाठी ॲसिटोनची पट्टी पुरते, फक्त ती दोनदा करायची: बनवल्यावर, आणि शेवटच्या डोसच्या आधी.

मग रविवारी एल्यूशन करायचं की नाही?

एमडीपीसाठी रविवारी कुणाला बोलावू नका. पण एचएमपीएओचा मेंदूचा स्कॅन किंवा लाल पेशींचं लेबलिंग सोमवारी ठेवलं असेल तर चित्र उलटतं. एचएमपीएओच्या नेहमीच्या किटमध्ये स्टॅनस क्लोराइड मिलिग्रॅममध्ये नसतं, फक्त ७.६ मायक्रोग्रॅम असतं. सोमवारचे ५४ मिलिक्युरी त्यात घातले तर कथील टेक्नेशियमच्या जेमतेम २५ पट उरतं, आणि त्यातलाही काही भाग ऑक्सिजन व किरणांमुळे झालेले ऑक्सिडंट खातात. या किटच्या कागदावर मागचं एल्यूशन २४ तासांच्या आतलं हवं आणि एल्यूएट दोन तासांपेक्षा जुनं नको, असं लिहिलेलं असतं. ती अट या तुटपुंज्या साठ्यासाठी आहे. इथे सुट्टीतला टेक्नेशियम-९९ खरोखर नडतो.

वेळ कशी निवडायची त्याचं एक उदाहरण. शुक्रवारी सकाळी आठला कॉलमवर ६०० मिलिक्युरी मॉलिब्डेनम होतं आणि तेव्हाच एल्यूशन झालं. एल्यूशनची कार्यक्षमता ९० टक्के धरू.

थेट सोमवारी आठला एल्यूशन केलं तर सुमारे २४५ मिलिक्युरी मिळतात, पण ९९एमचा वाटा ८ टक्क्यांच्या आत.

रविवारी दुपारी तीनला एकदा काढून बाजूला ठेवलं आणि सोमवारी आठला पुन्हा काढलं, तर मधल्या १७ तासांत कॉलम शिखराच्या ९७ टक्क्यांपर्यंत भरलेला असतो आणि सुमारे २०० मिलिक्युरी मिळतात. ९९एमचा वाटा हिशेबाने ३७ टक्के. कॉलमवर थोडं जुनं मागे राहतंच, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी धरा, तरीही आधीच्या तिप्पट.

रविवारी कुणीच येऊ शकत नसेल तर सोमवारी सहाला पहिलं आणि दहाला दुसरं काढा. चार तासांत कॉलम शिखराच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, ८० ते ९५ मिलिक्युरीवर भागवावं लागतं. एका एचएमपीएओला तेवढे पुरतात. सहा वाजताचं एल्यूएट ओतून देऊ नका. थायरॉइड स्कॅनला परटेक्नेटेटच लागतं, कथिलाचा संबंधच नाही, तिथे ते निर्धास्त वापरा. एमडीपीलाही ते चालतं हे वर पाहिलंच.

मधलं एल्यूशन घाईचं असलं तरी मॉलिब्डेनमची गळती त्यावरही मोजा. दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी ही मर्यादा इंजेक्शनच्या वेळेला लागू असते. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं आणि मॉलिब्डेनम जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे सकाळी ०.०४ दिसलेलं गुणोत्तर बारा तासांत ०.१४ च्या घरात जातं. थोड्या तासांच्या खंडानंतर टेक्नेशियमच कमी निघतं, म्हणून तिथे हे गुणोत्तर सुरुवातीपासूनच चढं असू शकतं.

सोमवारी आकडाच कमी आला तर

ही वेगळी तक्रार, पण तिच्याबद्दलही हमखास विचारलं जातं. वरच्या उदाहरणात २४५ ऐवजी १५० मिळाले तर शुक्रवारचं एल्यूशन कसं संपवलं ते विचारा. ड्राय कॉलमच्या जनरेटरमध्ये सलाइन संपल्यावर निर्वात व्हायल कॉलममधून हवा ओढते आणि तो कोरडा करते. घरी जायच्या घाईत व्हायल आधीच काढली तर कॉलम ओला राहतो. सुट्टीभर किरणांनी त्या पाण्याचं विघटन होत राहतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ परटेक्नेटेटचं रूप बदलतात. मग ते ॲल्युमिनाला धरून बसतं, सलाइनबरोबर उतरत नाही. व्हायलमधला आवाज थांबल्यावरही कंपनीने सांगितलेला पूर्ण वेळ ती तिथेच राहू द्या.

नोंदवहीत प्रत्येक एल्यूशनपुढे दोन रकाने वाढवा: मागच्या एल्यूशनपासूनचे तास, आणि हिशेबाने अपेक्षित आकड्याच्या किती टक्के मिळाले. किटच्या नोंदीत पट्टीचे दोन आकडे वेळेसह लिहा. पुढच्या सोमवारी थायरॉइड दिसला तर पहिल्यांदा दुसऱ्या पट्टीचा आकडा बघा, आणि तो पहिल्यापेक्षा चढलेला असेल तर जनरेटर सोडून सिरिंजकडे वळा.